नाडी जुळली, रक्ताचे काय?

प्रतापनगरच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या रविवारी तर्री-पोह्यांच्या प्लेटा हातात असतानाच विजूभाऊंच्या भाचीच्या स्थळाची गोष्ट निघाली आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत ती संपली नाही. मुलगी रोहिणी नक्षत्राची, मुलगा पुष्याचा; तिची नाडी अंत्य, त्याची मध्य; 36 पैकी 27 गुण जुळलेले. पत्रिका बापूसाहेबांनीच पाहिली होती आणि तिथीपर्यंतचा सल्लाही देऊन ठेवला होता. भाची सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची वाहक, म्हणजे एएस आहे, हे तिच्या कॉलेजातल्या तपासणी शिबिरापासून कट्ट्यावर सर्वांना ठाऊक आहे. मुलाकडूनही सिकलसेल निगेटिव्ह असल्याचा कागद आला होता, त्यामुळे आता अडायचे कशासाठी, असा बापूसाहेबांचा सवाल होता.

अडवले होते ते सुमनताईंनी. त्यांची सारी नोकरी सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत झाली, आणि तो कागद विजूभाऊंच्या मोबाइलवर पाहताच त्यांनी पंधरवड्यापूर्वी सांगितले होते की, ही नुसती सोल्युबिलिटीची पहिली चाळणी आहे, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी मुलाची करून घ्या. तो दुसरा अहवाल शनिवारी रात्री आला होता. बापूसाहेबांना त्याची कल्पना नव्हती, म्हणून ते मोठ्या आवेशात बोलत होते.

त्यांचे म्हणणे असे की, नाडी म्हणजे रक्तच होय. आठ कुटांमध्ये वर्णाला 1 गुण आणि नाडीला सर्वांत जास्त 8 गुण पूर्वजांनी उगाच ठेवलेले नाहीत. एकनाडी असेल तर संतती सदोष होते, हे त्यांना सूक्ष्मदर्शकाविना कळले होते. तुमच्या प्रयोगशाळेला जे शे-दोनशे वर्षांत समजले, ते आमच्या पंचांगात आधीपासून आहे. हे सांगताना त्यांनी चमचा असा उंचावला होता, की शेजारच्या बाकावरच्या मुलांनी मोबाइल खाली ठेवले.

सुमनताईंनी प्लेट बाजूला ठेवली आणि शांतपणे विचारले, "बापूसाहेब, तुमची नाडी कोणती?"

"आद्य. हस्त नक्षत्र."

"आणि तुमच्या सख्ख्या भावाची?"

"त्याचे श्रवण. अंत्य नाडी."

"म्हणजे एका आईबापाच्या पोटी, एकाच रक्ताचे तुम्ही दोघे, आणि नाड्या दोन. चंद्र साधारण एक दिवस एका नक्षत्रात असतो. त्या दिवशी जन्मलेल्या सगळ्या बाळांची नाडी एकच, मग ते गडचिरोलीत जन्मलेले असो की जरीपटक्यात. नाडी तारखेवरून ठरते, बापूसाहेब. रक्त आईबापांवरून ठरते."

यावर कोणीही काही बोलले नाही. माझ्या मते त्या दिवशीच्या चर्चेचा निकाल इथेच लागला होता, परंतु बापूसाहेब हार मानणाऱ्यांपैकी नाहीत. त्यांनी नाडीदोष टाळणारे अपवाद, म्हणजे परिहार, चरणभेद आणि राशीभेद काढायला सुरुवात केली, आणि तिथेच मधुभाऊंचा जुना घाव उघडा पडला. मधुभाऊंचे एक ठरत आलेले लग्न बापूसाहेबांनीच एकनाडी सांगून मोडले होते. पुढे त्यांच्या स्वतःच्या पुतण्याची वेळ आली तेव्हा मात्र नक्षत्र एक असले तरी चरण वेगळे असल्याने दोष लागत नाही, असे निघाले. "मला नाडी आणि तुमच्या पुतण्याला परिहार," मधुभाऊ म्हणाले. "तीन नाड्यांमध्ये सत्तावीस नक्षत्रे सारखी वाटलेली आहेत, तेव्हा कोणतीही दोन स्थळे उचलली तरी तीनांत एकदा दोष निघणारच. अशा चाळणीतून नेमके कोण पडते, ते मी भोगले आहे." बापूसाहेबांनी त्यांना तुमचा संसार काय वाईट चालला आहे, असे विचारले, मधुभाऊंनी तो बिनपत्रिकेचा आहे म्हणूनच चालला आहे, असे उत्तर दिले, आणि सर्व जण हसले.

हसणे ओसरल्यावर विजूभाऊंनी मोबाइल सुमनताईंच्या हाती दिला. मुलाच्या अहवालात हिमोग्लोबिन एस अजिबात नव्हते, पण हिमोग्लोबिन ए-टू 5.4 टक्के होते. सर्वसाधारणपणे ते साडेतीन टक्क्यांच्या आत असते. याचा अर्थ मुलगा सिकलसेलचा नव्हे, तर बीटा थॅलेसीमिया या दुसऱ्या आनुवंशिक रक्तदोषाचा वाहक आहे.

ताईंना शंका कशावरून आली होती, हे त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचे काही थेंब द्रावणात टाकतात आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसतात की नाही, ते पाहतात. हिमोग्लोबिन एस असेल तर द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या जातात. शिबिरात शेकडो लोकांची पहिली चाळणी करण्यासाठी ही चाचणी उपयोगी आहे. मात्र वाहक एएस आणि प्रत्यक्ष आजार असलेला एसएस यांतला फरक तिला कळत नाही आणि थॅलेसीमिया तर तिच्या कक्षेतच येत नाही. मुलाच्या त्याच कागदासोबत रक्तपेशींच्या मोजणीचा, म्हणजे साधा सीबीसीचा अहवाल जोडलेला होता. त्यात हिमोग्लोबिन 12.2, लाल पेशींचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, 64 आणि लाल पेशी साठ लाखांच्या वर. पेशी लहान असल्या की डॉक्टरही पुष्कळदा लोहाच्या गोळ्या लिहून देतात. पण लोह कमी असेल तर पेशींची संख्याही घटते. इथे पेशी लहान असून भरपूर होत्या. एमसीव्हीला लाल पेशींच्या दशलक्षांतल्या आकड्याने भागावे, आणि उत्तर तेराच्या खाली आले तर थॅलेसीमियाची शंका घ्यावी, असा प्रयोगशाळेतला जुना ठोकताळा आहे. 64 ला सहाने भागले तर साडेदहाच येतात. ठोकताळ्यावर निदान होत नाही, म्हणून एचपीएलसी.

"पण दोघांचे आजार वेगळे आहेत ना? मग जुळणार कसे?" विजूभाऊंनी विचारले.

ताईंनी मातीत बोटाने चार चौकोन काढले. दोन्ही दोष हिमोग्लोबिनच्या एकाच बीटा जनुकातले आहेत. बाळ आईकडून एक प्रत घेते, बापाकडून एक. दोन्ही चांगल्या आल्या तर प्रश्न नाही. फक्त आईची सदोष आली तर ते तिच्यासारखे एएस, फक्त बापाची आली तर त्याच्यासारखे वाहक. चौथ्या चौकोनात दोन्ही सदोष प्रती एकत्र येतात आणि त्या बाळाला सिकल-थॅलेसीमिया होतो. वाहकाला सहसा कसलाही त्रास नसतो, या चौथ्या बाळाला मात्र असतो. "म्हणजे चारांत एक," बापूसाहेब म्हणाले, "पहिली तीन तर चांगली होतील!" ताईंचा आवाज इथे प्रथमच चढला. प्रत्येक गरोदरपणात 25 टक्के धोका नव्याने असतो, आधीचे मूल चांगले झाले म्हणून पुढच्याचा कमी होत नाही. थंडीच्या दिवसांत हातापायांचे पंजे सुजलेली, दुखण्याने कुशीसुद्धा न बदलणारी दोन वर्षांची पोरे त्यांनी वॉर्डात पाहिली होती, आणि त्यांच्या आयांच्या पर्समध्ये कधी कधी जुळलेल्या गुणांचा कागदही असे.

मला या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट ताईंनी जाता जाता सांगितली. भाची एएस आहे म्हणून तिच्यात काही खोट आहे असे नव्हे. समोरचा मुलगा सिकलसेल आणि थॅलेसीमिया दोन्हींतून मोकळा असता, तर अपत्याला आजार होण्याचा प्रश्नच नव्हता; फार तर ते तिच्यासारखे वाहक झाले असते. तपासायची असते ती जोडी. पत्रिकेसारखेच इथेही एकटी मुलगी किंवा एकटा मुलगा नापास होत नाही. तरीही विदर्भात एएस मुलीचे कार्ड पाहून स्थळे परत जातात आणि मुलाची तपासणी करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, म्हणून आईबाप ते कार्ड कपाटात ठेवतात. ही तपासणी आयुष्यात एकदाच करायची आहे, ती उपाशीपोटी करावी लागत नाही, आणि तिचा कागद बायोडाटासोबत दोन्हीकडून एकाच वेळी गेला तर मुलीवरचे ओझे निम्मे उतरते. मी स्वतः पत्रिकेच्या विरोधात आंदोलन करणार नाही. आजीला समाधान वाटत असेल तर गुण जरूर पाहावेत. पण ते या कागदाच्या जागी पाहू नयेत.

पैशाची चौकशी विजूभाऊंनी आधीच केली होती आणि ती लवकर आटोपली. मुलाकडच्यांनी सातबारा दाखवला होता, त्यावरच्या इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता, आणि तो त्यांनी विचारण्याआधीच सांगितला होता. कर्ज असण्याचे वाईट वाटत नाही, लपवण्याचे वाटते, यावर कट्ट्याचे एकमत झाले.

स्वभावाच्या चौकशीवर मात्र बराच वेळ गेला, कारण बापूसाहेबांनी मुलाच्या गल्लीतल्या किराणा दुकानदाराला फोन करून मुलगा निर्व्यसनी असल्याची खात्री करून घेतली होती. विजूभाऊंनी तेव्हा जे सांगितले, त्यापुढे त्या फोनला काही किंमत उरली नाही. दुसरी तपासणी हवी म्हटल्यावर मुलाची आई रागावली होती. आमच्या मुलावर संशय कशाला, निगेटिव्हचा कागद पुरे आहे, असे तिचे म्हणणे होते. मुलगा कोणालाही न सांगता स्वतः जाऊन रक्त देऊन आला आणि अहवाल आल्यावर त्याने तो आधी भाचीला पाठवला. सोबत एवढेच लिहिले की, यात काहीतरी आहे, आपण दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटू. पहिल्या कागदावर लग्न सहज पार पडले असते, हे त्याला ठाऊक होते.

"मग आता काय, मोडायचे?" बापूसाहेबांनी विचारले, आणि या वेळी त्यांच्या आवाजात खरोखर काळजी होती.

ताईंनी त्याचे उत्तर दिले नाही. ते द्यायचा अधिकार कट्ट्याला नाही, असे त्या म्हणाल्या. समुपदेशकाला काय विचारायचे, तेवढे त्यांनी विजूभाऊंना लिहून दिले. आधी मुलाच्या डीएनए चाचणीतून त्याचा बीटा दोष नेमका कोणता आहे ते काढावे, कारण काही प्रकारांत त्या प्रतीपासून हिमोग्लोबिन मुळीच तयार होत नाही आणि काहींत थोडे होते, त्यावर आजाराची तीव्रता बरीच अवलंबून असते. हा दोष आधी माहीत असेल तरच पुढे गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. लग्नानंतर, दिवस गेल्यावर धावपळ सुरू केली तर वेळ हातातून जातो. त्या तपासणीनंतर जो निर्णय घ्यावा लागू शकतो, तो आपल्याला पेलेल का, हे दोघांनी आज एकमेकांना विचारावे. पेलणार नसेल तर आत्ता थांबण्यात कोणाचाही अपमान नाही.

विजूभाऊंनी कागद घडी करून खिशात ठेवला. बुधवारी दोघे डॉक्टरांकडे जाणार आहेत. बापूसाहेबांनी बुधवारी दुपारी राहुकाळ असल्याची आठवण करून दिली, तेव्हा मधुभाऊंनी वेळ सकाळी दहाची आहे हे सांगून त्यांना दुसरी प्लेट पोहे मागवली.