काका, माझं कर्ज आणि मसालेभात

गेल्या शनिवारी डॅलसमधल्या गणपतीच्या महाप्रसादाला मी रांगेत उभा होतो. पुढे पाच-सात माणसं, त्यापुढे मसालेभात. तेवढ्यात कोणीतरी कोपर धरून मला बाजूला ओढलं. मी त्यांना ओळखत नव्हतो, पण माझ्यावर शैक्षणिक कर्ज आहे आणि ते मी लवकर फेडायच्या विचारात आहे हे त्यांना आमच्या रूममेटकडून कळलं होतं. मंडळात सगळे त्यांना नुसतं 'काका' म्हणतात.

"किती शिल्लक?"

"बावीस लाख."

"व्याज?"

"अकरा टक्के, फ्लोटिंग."

"आणि तू ते फेडणार?" असं विचारून काकांनी जवळून चाललेल्या एका बाईंकडे पाहून मान हलवली. मी वाया गेल्याचं त्यांनाही कळावं, असा हेतू असावा.

मग व्याख्यान सुरू झालं. "स्वस्तातलं कर्ज हे भांडवल असतं रे! वरचे हजार डॉलर महिन्याला भारतातल्या म्युच्युअल फंडात टाक. पंधरा टक्के कुठे गेले नाहीत. शिवाय आयकराच्या कलम 80ई खाली व्याज माफ!"

मी म्हटलं, "काका, 80ई मध्ये व्याज माफ होत नाही, करपात्र उत्पन्नातून वजा होतं. तेही जुन्या करप्रणालीत, आणि भारतात उत्पन्न असेल तर. माझं भारतातलं उत्पन्न म्हणजे आजीने पाठवलेले भाऊबीजेचे एकशे एक."

"डिटेल्समध्ये शिरू नकोस."

डिटेल्समध्ये न शिरणारे लोक सल्ले इतके तपशीलवार कसे देतात, हे मला कळलेलं नाही. अमेरिकेचा करदाता भारतीय म्युच्युअल फंड घेतो तेव्हा इथला कर विभाग त्या फंडाला 'पीएफआयसी', म्हणजे निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी, म्हणतो. मग साधारणपणे प्रत्येक फंडासाठी फॉर्म 8621 भरा आणि नफ्यावर जाचक दराने कर द्या. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मी तर कधी भरला नाही!" आणि हे त्यांनी भर मांडवात, मोठ्यांदा सांगितलं.

"बरं, रुपया पडतोय ना? मग घाई कशाला?" काकांचा हा एकच मुद्दा मला झोपेतही छळतो. 2014 मध्ये डॉलर साधारण साठ रुपयांचा होता, 2024 मध्ये चौऱ्याऐंशीचा. म्हणजे वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास घसरण. तीच पुढे चालू राहिली तर माझं अकरा टक्क्यांचं कर्ज डॉलरमध्ये मोजता साधारण सव्वासात टक्क्यांचं होतं. इथला इंडेक्स फंड दीर्घ मुदतीत त्याहून जास्त देऊ शकेल, पण त्याची हमी कोणी देत नाही. 2022 मध्ये तोच जवळजवळ पाचव्या हिश्शाने पडला होता. कर्ज फेडून वाचलेलं व्याज मात्र पडत नाही, आणि त्यावर करही नाही.

हिशेब साधा आहे. दहा वर्षांसाठी हप्ता तीस हजार तीनशे, त्यातले वीस हजार पहिल्या महिन्यात नुसते व्याजात जातात. त्यावर महिन्याला पंच्याऐंशी हजार जास्त भरले तर कर्ज पावणेदोन वर्षांत संपतं आणि बारा लाखांच्या आसपास व्याज वाचतं. मी हे बोटांवर मोजून दाखवत होतो तेव्हा काका मसालेभाताकडे बघत होते. नंतर कळलं की त्यांनी आपली थाळी आधीच भरून झाकून ठेवली होती. माझ्या वाट्याला वरण आलं.

सगळा पैसा कर्जात ओतणंही शहाणपणाचं नाही, हे काकांना सुचलंच नाही. एच-1बी वाल्याची नोकरी गेली की नवीन शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. कर्जात भरलेला पैसा बँक परत देत नाही. म्हणून आधी निवृत्तीच्या 401(के) खात्यात कंपनी जेवढी भर घालते तेवढं भरायचं, कारण ते फुकटचे आहेत. मग सहा महिन्यांचा खर्च बाजूला. उरेल ते मुद्दलात. कर्ज फेडायचं त्याहून मोठं कारण मी काकांना सांगितलं नाही. नाशिकचा आमचा फ्लॅट तारण आहे आणि सहकर्जदार बाबा आहेत. काकांच्या पंधरा टक्क्यांत बाबांची झोप कोणत्या रकान्यात लिहायची?

ठरवलं आणि पहिली रक्कम पाठवली. रिझर्व्ह बँकेने वैयक्तिक फ्लोटिंग कर्जांवरचा मुदतपूर्व फेडीचा दंड 2014 मध्येच बँकांना बंद करायला लावला, म्हणून निर्धास्त होतो. बँकेने दंड लावला नाही. पैसे 'आगाऊ हप्ता' म्हणून ठेवून दिले! मुद्दल जिथल्या तिथे, व्याज सुरूच. मेल केला तर उत्तर आलं की मुद्दलात जमा करून मुदत कमी करण्यासाठी अर्ज प्रत्यक्ष शाखेत द्यावा. आता अडुसष्ट वर्षांचे बाबा गुडघे धरत शाखेत चाललेत, आणि शाखेत सोमवारी म्हणे 'सिस्टिम डाऊन' होती.