चलानाचा फोटो म्हणजे स्टॉक रजिस्टर नव्हे

"जॉबवर्कच्या चलानाचा मोबाईलवर फोटो काढा, आकडे आपोआप एक्सेलमध्ये येतात. गेलेल्या मालातून आलेला माल वजा केला की वेस्टेज निघतं आणि मजुरीही त्याच कागदावर असते. वेगळं स्टॉक रजिस्टर ठेवायची गरजच नाही."

आपला माल बाहेर मजुरीवर करून घेणाऱ्यांमध्ये असा एक मेसेज फिरतोय. त्यातल्या फोटोपासून सुरू करू. संगणकावर छापलेलं, स्वच्छ चलान असेल तर मोबाईलचा फोटो आकडे बऱ्यापैकी उचलतो, त्यात वाद नाही. पण वाळूज-चिकलठाण्यातल्या छोट्या शेडमधून येणारं चलान बहुतेकदा कार्बनची दुसरी नाहीतर तिसरी प्रत असते. तिच्यावर तारीख इंग्रजी आकड्यांत, नग मराठी आकड्यांत आणि रिजेक्ट कोपऱ्यात पेन्सिलने. वाचणारं सॉफ्टवेअर इंग्रजीवर ठेवलेलं असलं की मराठी १ त्याला `9` वाटतो आणि ४ चा `8` होतो. म्हणजे १४० नग शीटमध्ये `980` होऊन बसतात आणि कुठेही लाल खूण येत नाही. वजनाचंही तसंच. चलानावर `500.000` किलो असतं, टिंब पुसट असलं की पाच लाख किलो स्टॉकला चढतात. ही चूक निदान डोळ्यात भरते, ९८० नगांची भरत नाही.

यावर उपाय चलानातच असतो. नग गुणिले दर म्हणजे रक्कम. १४० नग, दर २.५०, तर रक्कम ३५० हवी. शीटमध्ये `980` आले तर २,४५० व्हायला हवे होते, आणि कागदावर ३५० दिसतात. ही ओळ लगेच बाजूला काढून माणसाने डोळ्यांनी पाहायची. शिवाय वाचलेला आकडा आणि मूळ लिहिलेलं, दोन्ही जपून ठेवायचं आणि रिकाम्या रकान्यात शून्य भरायचं नाही. स्क्रॅप लिहिलंच नाही, म्हणजे स्क्रॅप निघालं नाही असा अर्थ होत नाही. एका चलानाची नोंद अशी दिसेल:

```
{"chalan_no": "214", "against": ["58"],
 "ok_qty": 600, "uom": "NOS", "raw": "६००",
 "reject_qty": 10, "scrap_kg": null,
 "rate": 2.50, "amount": 1500}
```

खरी गोम मात्र वजाबाकीत आहे. वर लिहिलेलं चलानच घेऊ. आपण चलान क्रमांक ५८ वर ३२ मिलिमीटरचे सहा मीटरी १३ गोल बार टर्निंगला पाठवले. या बारचं वजन मीटरला ६.३२ किलो, म्हणजे एक बार ३७.९२ आणि सगळे मिळून ४९३ किलो. (व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र स्टोअरमधल्या कुणालाही विचारा.) जॉबवर्करकडून चलान २१४ वर ६०० नग ओके आले आणि १० रिजेक्ट.

आता मेसेजवाल्याची वजाबाकी करा. ४९३ मधून ६०० वजा केले की उणे १०७ येतात, कारण गेलेले किलो आणि आलेले नग. थोडा जाणता माणूस नगांचं वजन करेल. तयार नग ०.२८ किलोचा, म्हणून ६०० नगांचे १६८ किलो. ४९३ मधून १६८ गेले की ३२५ किलो "वेस्टेज"! एवढं वेस्टेज दाखवलं तर मालक जॉबवर्करचा जीव घेईल, आणि त्या बिचाऱ्याचा काहीही दोष नाही. बहुतेक माल अजून त्याच्या शेडमध्येच पडलेला आहे.

हिशेब कट वजनावर करायचा असतो. एका नगाला बारमधून ६३ मिलिमीटर जातात, कटिंगसकट. म्हणजे जवळपास ०.४ किलो. रिजेक्ट नगालाही तेवढाच बार गेलेला असतो, म्हणून ६१० नगांना २४४ किलो बार लागला. ४९३ मधून २४४ वजा, जॉबवर्करकडे शिल्लक २४९ किलो. तयार नगातले १६८, रिजेक्टमधले २.८ आणि उरलेल्या चिप्स ७३.२ किलो, मिळून २४४. हे जुळलं म्हणजे हिशेब जुळला.

म्हणजे चलानातून आकडा काढणं अर्धंच काम. कट वजन आणि तयार वजन चलानावर नसतं, ते ड्रॉइंगमधून किंवा पहिल्या लॉटच्या प्रत्यक्ष वजनातून आयटम मास्टरमध्ये आधी भरून ठेवावं लागतं. ते नसेल तर फोटो कितीही स्वच्छ असो, शिल्लक निघणार नाही.

वेस्टेज हे असं गणिताने ठरतं आणि मग चलानावरच्या स्क्रॅपशी ताडून पाहायचं. समजा पुढच्या गाडीत जॉबवर्करने ६१ किलो चिप्स परत पाठवल्या. १२.२ किलोंचा फरक पडला. चिप्सला कूलंट चिकटलेलं असतं, त्याने वजन वाढतं, कमी होत नाही, त्यामुळे हा फरक ओलेपणावर ढकलता येत नाही. एकतर चिप्स अजून त्याच्या टोपलीत आहेत, नाहीतर परस्पर भंगारात गेल्यात. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे नोंदणीकृत जॉबवर्कर कर भरून स्क्रॅप आपल्याच जागेवरून विकू शकतो, पण तसं ठरलं असेल तर तुमच्या नोंदीतही ते यायला हवं. प्लेटिंगच्या कामात तर आलेला माल गेलेल्यापेक्षा जड असतो, जस्ताचा थर चढलेला असतो ना. तिथे साध्या वजाबाकीने वेस्टेज उणे येतं आणि शीट गप्प बसते.

मजुरीचा मुद्दा लहान आहे, पण त्यात पैसे जातात. चलानावर दोन रकमा असतात. एक मालाची किंमत, जी ई-वे बिलासाठी वगैरे लिहितात, आणि दुसरी मजुरी. "रक्कम शोध" म्हटलं की सॉफ्टवेअर मोठा आकडा उचलतं आणि दीड हजाराच्या मजुरीऐवजी मालाची किंमत खर्चात जाते. शिवाय मजुरीचं टॅक्स इन्व्हॉइस महिन्याअखेर वेगळं येतं. चलानावरची मजुरी आणि बिलावरची मजुरी दोन्ही नोंदवली तर तीच मजुरी दोनदा लागली. चलानावरची फक्त पडताळणीला ठेवा, खर्चात बिलाचीच टाका. रिजेक्ट नगांची मजुरी द्यायची की नाही, हे आधी ठरलेलं असावं. वरच्या चलानात १,५०० हे फक्त ६०० ओके नगांचे आहेत.

आणि रजिस्टर? कच्चा माल एका वर्षात परत आला नाही तर तो पाठवल्या दिवसापासूनच पुरवठा धरला जातो, कर आणि व्याज दोन्ही लागतं. ते वर्ष आपल्या चलान ५८ च्या तारखेपासून मोजायचं, जॉबवर्करच्या २१४ च्या तारखेपासून नव्हे. म्हणून आपला मूळ चलान क्रमांक सांगणारा `against` हा रकाना रिकामा राहिला तर ती नोंद पक्की करायचीच नाही. जॉबवर्कच्या आयटीसी-०४ या जीएसटी विवरणपत्रातही मूळ चलान क्रमांक आणि नुकसान-वेस्टचं प्रमाण वेगळं विचारतात. जॉबवर्कर कधी कधी एकाच ओळीत "५८ व ६३ चा माल" लिहितो. तेव्हा कोणाचे किती नग, हे त्याला फोन करूनच विचारा. जुन्या चलानातून आधी वजा करायचं असं परस्पर ठरवलं, तर ६३ चा माल ५८ मध्ये मुरतो आणि वर्षाची मुदत चुकीच्या कागदावर मोजली जाते.

शिल्लक २४९ किलो म्हणजे साडेसहा बारांच्या आसपास. महिन्यातून एकदा शेडवर जाऊन बघा: सहा अख्खे बार आणि तीन-साडेतीन मीटरचा एक तुकडा दिसायला हवा, त्यातून फक्त वापरलेल्या बारांची टोकं आणि मशीनवर लागलेले नग वजा.