४३ अंशांच्या उन्हात पातेलं ‘गरमच’ राहतं, भीती तिथेच आहे

‘मे महिन्यात बाहेर ४३ डिग्री असतं. पातेलं झाकून ठेवलं की जेवण संध्याकाळपर्यंत गरमच राहतं, बिघडत नाही. बिघडलं तर वास येतोच. शंका आली तर पुन्हा एक उकळी काढायची. टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवून बर्फाची लादी टाकली की पाणी शुद्ध. लग्नात लोकांना उलट्या होतात त्या उन्हाने, जेवणाने नाही.’

लग्नाच्या जेवणाबद्दल असा दावा केला जातो, त्यातला एकेक मुद्दा पाहू. पहिला मुद्दा गरम राहण्याचा. जिवाणू वाढू नयेत म्हणून शिजलेलं अन्न सतत ६० अंशांच्या वर असावं लागतं. बाहेरची हवा ४३ अंश असेल तर पातेलं निवत निवत ४५ पर्यंत येतं आणि तिथेच रेंगाळतं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाचा जिवाणू नेमका ४३ ते ४५ अंशांच्या आसपास सर्वांत वेगाने वाढतो. त्याचे बीजाणू उकळीतही जिवंत राहतात. उकळल्यामुळे रश्श्यातली हवा निघून जाते आणि या जिवाणूला हवा नकोच असते, त्यामुळे मटणाचा रस्सा किंवा दाट डाळ भरलेल्या खोल पातेल्याचा तळ त्याला मानवतो. अनुकूल स्थितीत तो साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. तीन तासांत अठरा वेळा दुप्पट म्हणजे एकाचे अडीच लाखांहून जास्त. थंडीच्या दिवसांत उरलेलं अन्न या टप्प्यातून खाली उतरून तरी जातं, मे महिन्यात दुपारभर ते याच टप्प्यात अडकून राहतं.

पाचशे पानांचं लग्न धरा. वरण दहाला चुलाणावरून उतरलं, मुहूर्त १२:३५ चा, पंगती एक ते साडेतीन. शंभर लिटरचं भरलेलं, झाकलेलं पातेलं निखाऱ्यावर असेल तर पहिल्या पंगतीला वरण ६० च्या वर असतं, एवढं त्या दाव्यात खरं आहे. पण वाढायची बादली उघडी असते आणि तिच्यातलं वरण पाहता पाहता निवतं. पातेलं निम्मं झालं की उरलेलंही लवकर निवतं, आणि तोवर निखारे विझलेले असतात. शेवटच्या पंगतीचं, चार वाजता वाढपी आणि आचारी खातात ते, आणि शेजारी डब्यात जातं ते वरण खरं धोक्याचं. जिभेला मात्र ५० अंशांचं वरणही छान गरम लागतं. म्हणून जिभेवर किंवा वाफेवर विसंबू नका, कोरड्या गरम हवेत वाफ नीट दिसतही नाही. सळईचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. ढवळण्याआधी तो पातेल्याच्या मधोमध, कडेला आणि वरच्या थरात घालून पाहा. सर्वांत कमी आकडा तोच खरा धरायचा. तो ६५ च्या खाली येऊ लागला की लगेच जाळ वाढवा, ६० पर्यंत वाट पाहू नका. मुळात मुहूर्त लांबतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. वरणाची शेवटची उकळी आणि भाताचा दुसरा घाणा अक्षता पडल्यावर काढायला आचाऱ्याला आधीच सांगून ठेवा. इतक्या उन्हात ६० च्या खाली तासाभरापेक्षा जास्त राहिलेलं अन्न वाढू नये.

बुफेची चाफिंग डिश अन्न तापवत नाही, तापलेलं तापलेलं ठेवते. खालच्या ट्रेमध्ये उकळतं पाणी घाला आणि वर ७५ अंशांपुढचं अन्न. मोकळ्या मैदानात वारा जेलच्या डब्याची ज्योत आडवी करतो किंवा विझवतो, आणि उन्हात ती विझलेली कळतही नाही. तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा आणि दर अर्ध्या तासाला खाली वाकून ज्योत पाहायला एक माणूस नेमा. ट्रे अर्ध्या तासात संपेल एवढाच भरा. संपत आलेल्या भाजीवर नवी भाजी ओतणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. तळाची जुनी भाजी दुपारभर तशीच राहते आणि नव्या भाजीचं तापमानही खाली आणते. ट्रे उचलून नवा ठेवा.

आता वास आणि उकळी. परफ्रिंजन्स वाढलेल्या रश्श्याला वास येईलच असं नाही, चवही बदलत नाही. ७५ अंशांच्या पुढे नीट उकळल्यावर त्याच्या वाढलेल्या पेशी मरतात हे खरं. पण ढीग करून ठेवलेल्या भातात बॅसिलस सेरियस वाढला असेल तर त्याचं उलटी आणणारं विष उकळीने जात नाही. वाढप्याच्या हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून बासुंदीत, पनीरमध्ये गेलेल्या स्टॅफिलोकोकसचं विषही तसंच टिकतं. जिवाणू मेले तरी विष राहतं, म्हणून उकळी हा बिघडलेल्या अन्नावर उपाय नाही. बासुंदी, श्रीखंड, दह्याची कोशिंबीर ही गरम ठेवायची नसतात, ती ५ अंशांच्या आसपास बर्फात ठेवून थोडी थोडी बाहेर काढायची. हातावर फोड किंवा जखम असलेल्या माणसाला वाढायला उभं करू नका, त्याला खुर्च्या लावायचं काम द्या.

पाण्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मारायला क्लोरीनच लागतं. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं, म्हणून तुरटी आधी, निवळलेलं पाणी दुसऱ्या टाकीत, मग क्लोरीन देणारी टीसीएल पावडर. हजार लिटरला ताजी पावडर ५ ग्रॅम, वजन करूनच. प्लॅस्टिकच्या मगात थोड्या पाण्यात कालवा, पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसला की वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता, ढवळा आणि टाकी झाकून अर्धा तास थांबा. मग पाण्यात क्लोरीन किती उरलं ते दाखवणारी ओटी टेस्ट करा. नळीत पिवळा रंग यायला हवा आणि रंगपट्टीवर तो लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास जुळायला हवा. रंगच आला नाही तर पावडर जुनी आहे किंवा पाणी घाण आहे. आणखी अडीच ग्रॅम द्या आणि पुन्हा अर्धा तास थांबा. तपासलेलं नळीतलं पाणी पिऊ नका, फेकून द्या. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे ओटीचं किट असतं, आदल्या दिवशी मागून ठेवा. उघडी टाकी उन्हात असेल तर क्लोरीन दोन-तीन तासांत उडतं, तेव्हा दुपारी एकदा पुन्हा तपासा.

गोठल्याने जंतू मरत नाहीत, आणि मासळीसाठी, यंत्रांसाठी केलेला बर्फ पिण्यासाठी नसतोच. अखाद्य बर्फ वेगळा ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ मध्ये आला. लादी पोत्यात गुंडाळून, जमिनीवरून ओढत आणलेली असेल तर तिचा रंग पाहायचीही गरज नाही. ती पिंपाच्या बाहेर, भोवती लावा. पाणी गार होतं आणि लादी पाण्यात जात नाही. मठ्ठ्यालाही हेच लागू, कारण त्यात बर्फ आणि पाणी दोन्ही कच्चंच जातं. थंड पाण्याचे जार बाटलीबंद पाणी नव्हेत. त्यांचं पाणीही ओटीने तपासा.

पाण्याच्या जागेवर तांब्या बुडवायचं पिंप नको, तोटीचं हवं. एकाचा हात बुडाला की पिंपातलं क्लोरीन हळूहळू खर्ची पडतं आणि मागच्या शंभर जणांना संरक्षण उरत नाही. पिण्याची तोटी सावलीत, हात धुण्याची वेगळी, किमान दहा पावलं दूर आणि साबणासह. पाचशे माणसांना माणशी दोन लिटर धरून हजार लिटर पिण्याचं पाणी लागतं, हात धुण्याचं आणि भांड्यांचं वेगळं.

शेवटचा मुद्दा उन्हाचा. उष्माघातात अंग तापतं, माणूस बरळतो, आणि आजारी पडतात ते बहुधा उन्हात राबलेले. एकाच पंगतीतल्या, सावलीत बसलेल्या माणसांना एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर भात किंवा दुधाच्या पदार्थातलं विष धरा. सहा तासांनंतर, रात्रीपर्यंत, पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले तर रश्श्याकडे किंवा डाळीकडे बघा. दोन जण जरी असे आजारी पडले तरी उरलेलं जेवण वाटायचं थांबवा, १०८ ला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि भांडी लगेच घासू नका. सकाळीच प्रत्येक पदार्थाची एक वाटी स्वच्छ डब्यात, नाव आणि वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवलेली असेल तर नेमकं काय झालं ते डॉक्टरांना शोधता येतं.