सूज ती सूज नसते (मेलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

प्रतिक्रिया: "डॉक्टर, तुमच्या क्लिनिकच्या मेलमध्ये एका ओळीत पायाची सूज व्हिडिओवर चालेल म्हणता आणि खालच्याच ओळीत एका पायाला असेल तर समोरच या. सूज ती सूज. माझ्या आईला निफाडहून नाशिकला आणलं, पायाच्या शिरांची डॉपलर सोनोग्राफी केली, नॉर्मल निघाली. व्हिडिओवर बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? पैसे काढायचे धंदे."

दादा, राग समजतो, म्हातारं माणूस गाडीत घालून आणायचं म्हणजे अख्खा दिवस जातो. पण त्या दोन ओळी मुद्दामच वेगळ्या ठेवल्यात.

बीपीसाठी अॅम्लोडिपिन घेणाऱ्या बऱ्याच जणांचे पाय सुजतात, डोस वाढवला की जास्तच. ही सूज सहसा दोन्ही पायांना येते, संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते आणि दुखत नाही. आता हे व्हिडिओवर मला व्यवस्थित कळतं. मोबाईल घरातल्या कोणाच्या तरी हातात द्यायचा, नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबून धरायचा आणि सोडायचा, खळगा राहिला तर स्क्रीनवर दिसतो. सोबत घरच्या बीपीचे आकडे आणि गोळ्यांची पाकिटं दाखवली की डोस कमी करायचा की टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी जोडायची ते ठरवता येतं. टेलिमेडिसिनच्या 2020 च्या नियमांतही, पेशंट समोर तपासून सहा महिने झाले नसतील तर त्याच आजारासाठी फॉलोअपला नवीन गोळी जोडायला परवानगी आहे. मात्र चालताना किंवा आडवं झाल्यावर दम लागत असेल तर दोन्ही पायांची सूज असली तरी समोरच यायचं, तिथे हृदय आणि किडनी बघावी लागते.

एकच पाय सुजला, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, तर डोक्यात पहिली शंका शिरेत रक्ताची गाठ झाल्याची येते, आणि ती गाठ सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. आता समजा मी व्हिडिओ घेतलाच असता. शिंप्याच्या टेपने तुम्ही दोन्ही पोटऱ्या मोजून दिल्या असत्या, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटीमीटर खाली, आणि सुजलेली पोटरी तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त जाड निघाली असती तर शंका वाढली असती. पण फरक कमी निघाला असता तरी गाठ नाही असं मला म्हणता आलं नसतं, शिरेच्या रेषेवर दाबून कुठे दुखतंय ते बघायला हात लागतो आणि नक्की सांगायला डॉपलर किंवा रक्ताची डी-डायमर तपासणी. म्हणजे व्हिडिओची फी घेऊन मी शेवटी "नाशिकला या" एवढंच बोललो असतो. खरं तर पैसे काढायचे असते तर हाच धंदा सोपा होता!

तुमची डॉपलर नॉर्मल निघाली हे चांगलंच झालं, पण ते आधी ओळखायची सोय कॅमेऱ्यात नाही.

आणि बाकी जे वाचतायत त्यांच्यासाठी, एकच पाय सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा, तोवर तेल लावून चोळू नका. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्लिनिकला फोन करत बसू नका, सरळ 108 लावा.