माफी अशी मागा की कशाची मागितली तेच कळू नये

तर काल रात्री तुमचं तिकीट बुकिंगचं ॲप बसलं. पाऊण तास बसलेलंच होतं, लोकांचे पैसे कटले, तिकिटं काही आली नाहीत, आणि आता सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत तुमच्यावर येऊन थांबल्यात, कारण "तुझं लिखाण बरंय ना". अभिनंदन! माफीनामा तुम्ही लिहायचाय. टेन्शन घेऊ नका, मी असे बरेच लिहिलेत आणि ते वाचून युजरला काही कळलं अशी तक्रार आजवर एकदाही आलेली नाही.

सगळ्यात आधी नक्की काय झालं ते समजून घ्या. हो, घ्याच, कारण काय लपवायचंय तेच माहीत नसेल तर चुकून खरं लिहून बसाल. बॅकएंडच्या पोराला गाठा, तो रात्रभर जागलाय, त्याला कोणीतरी नीट विचारावं एवढीच त्याची अपेक्षा आहे, तो भडाभडा सांगेल.

तो सांगेल ते साधारण असं असतं. समजा 8 वाजता विक्री उघडली आणि सगळे एकदम आत घुसले. सीट निवडली की ती 10 मिनिटं तुमच्या नावावर धरून ठेवतात, त्याला होल्ड म्हणायचं, तेवढ्यात पैसे भरा नाहीतर सीट मोकळी. पैसे भरायला युजर जातो पेमेंट गेटवेकडे, गेटवे बँकेकडून पैसे घेतो आणि मागच्या दाराने आपल्या सर्व्हरला निरोप धाडतो की या ऑर्डरचे पैसे आले बरं का. हा निरोप म्हणजे कॉलबॅक. तो मिळाला की मगच तिकीट बनतं. आता आपल्याच कोणीतरी कोड असा लिहून ठेवला होता की डेटाबेसचं कनेक्शन उघडायचं आणि ते हातात धरूनच गेटवेच्या उत्तराची वाट बघत बसायचं. कनेक्शन एकूण 100. एरवी गेटवे अर्ध्या सेकंदात उत्तर देतो, म्हणजे सेकंदाला 200 जण आरामात निघतात, कोणाला पत्ताही लागत नाही. काल गर्दीत गेटवेच 20 सेकंद घ्यायला लागला, झालं, सेकंदाला 5 जण. बाकीचे रांगेत. आणि सगळ्यात भारी म्हणजे तो मागच्या दाराचा निरोप नोंदवायलाही डेटाबेसचं कनेक्शन लागतं, ते कुठून आणणार? म्हणजे पैसे बँकेतून निघाले, निरोप्या दारात येऊन उभा, आणि दार आतून बंद.

हे सगळं शांतपणे ऐका, मान हलवा, आणि वहीत लिहा, "तांत्रिक अडचण".

पण थांबा, खरी मजा पुढे आहे. उत्तर वेळेत आलं नाही म्हणून ॲपने युजरला काय दाखवलं? लाल फुली आणि `Payment Failed`. आता उत्तर आलं नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असं थोडीच असतं, पैसे गेले की नाही हे सर्व्हरला त्या क्षणी ठाऊकच नव्हतं. पण "आम्हाला माहीत नाही" अशी स्क्रीन डिझाइनमध्ये कोणी बनवलेलीच नाही, हिरवी बरोबरची खूण आहे आणि लाल फुली आहे, मधलं काही नाही, म्हणून मग फुली. फुली दिसली की माणूस काय करतो? परत पैसे भरतो. दुसऱ्या वेळी ॲपने नवा ऑर्डर नंबर काढला, त्यामुळे गेटवेला वाटलं हे वेगळंच गिऱ्हाईक, त्याने पुन्हा पैसे कापले. नंबर तोच ठेवून पाठवला असता आणि त्याच नंबरवर दुसऱ्यांदा पैसे घ्यायचे नाहीत असं गेटवेला सांगून ठेवलं असतं तर तो म्हणाला असता की याचे तर आलेत. असो. तुम्ही नोटीसमध्ये लिहायचं, "काही युजर्सना पेमेंट करताना अडथळा जाणवला". वा! पैसे अडले कुठे, ते तर दोनदा सुसाट गेले, पण अडथळा म्हटलं की कसं वाटतं, बिचारं ॲप दगडाला ठेचकाळलं.

पावणेनऊला सर्व्हर उठला. गेटवे बिचारा प्रामाणिक, न पोचलेले निरोप थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवतच होता. आता ते पोचायला लागले. पण तोवर 10 मिनिटांचा होल्ड कधीच संपलेला, ऑर्डर एक्स्पायर, सीट दुसऱ्याला विकलेली. आणि कोडमध्ये हे दोन ओळींचं रत्न:

```python
if order.status == "EXPIRED":
    return 200
```

200 म्हणजे गेटवेच्या भाषेत "मिळालं, थँक्यू". गेटवे खूश, त्याने निरोप पाठवणं थांबवलं. म्हणजे ज्याचे पैसे आपल्याकडे आलेत, ज्याला सीट मिळालेली नाही, त्याच्याबद्दलची शेवटची हाक आपण हसून घेतली आणि कचऱ्यात टाकली. इथे खरं तर रिफंड चालू करायचा असतो, निदान एका यादीत नाव तरी टाकायचं असतं. पोरगं हे सांगताना जरा गप्प होईल. ती ओळ त्याचीच असू शकते, खोदू नका.

आता एक धोका सांगतो. हा पोरगा स्वतःच एक नोटीस लिहून तुमच्याकडे आणेल. त्यात असं काहीतरी असेल:

"काल रात्री 8:02 ते 8:47 या वेळात तुम्ही पैसे भरले असतील तर कृपया आता पुन्हा भरू नका. तुम्हाला 'फेल' दिसलं तरी पैसे कटलेले असू शकतात, तो मेसेज चुकीचा होता, चूक आमची होती. तिकीट 'माय बुकिंग'मध्ये दिसत असेल तर ते पक्कं आहे. दिसत नसेल आणि पैसे कटले असतील तर तुमची सीट गेली आहे, पण रिफंड आम्ही आज दुपारी 4 पर्यंत पाठवतो, तुम्ही काही करायची गरज नाही. दोनदा भरून दोन तिकिटं झाली असतील तर नको असलेलं कळवा, पूर्ण पैसे परत, कॅन्सलेशन चार्ज नाही."

वाचलंत? कसलं भयंकर आहे! माणसाला एका मिनिटात कळतंय की त्याचे पैसे कुठेत, तिकीट आहे की नाही आणि पुढे काय करायचं. असं लिहिलं तर सपोर्टला फोन कोण करणार? आणि वेळ तर अजिबात द्यायची नाही, 8:02 लिहिलंत की उद्या 8:05 चा स्क्रीनशॉट घेऊन माणूस दारात. "काल संध्याकाळी काही काळ" हे कसं मोघम, मऊ, कुठेही बसतं. "चूक आमची" तर लगेच खोडा. चुका होत असतात, कोणी करत नसतं.

रिफंडच्या वाक्यावर मात्र वेळ द्या, तिथे कौशल्य लागतं. पारंपरिक वाक्य आहे, "कापलेली रक्कम 5 ते 7 कामकाजाच्या दिवसांत आपोआप परत जमा होईल". यातला 'आपोआप' हा शब्द मी डोक्यावर घेऊन नाचतो. कारण कार्डाच्या व्यवहारात दोन पायऱ्या असतात, आधी बँक रक्कम नुसती अडवून ठेवते आणि नंतर आपण सांगितलं की ती खरंच काढून घेतली जाते. नुसती अडवलेली असेल आणि आपण मागितलीच नाही तर काही दिवसांनी बँक ती खरंच आपोआप मोकळी करते. पण आपल्या गेटवेवर दोन्ही पायऱ्या एकदमच होतात, रक्कम काढून घेतलेलीच आहे, आणि काढलेले पैसे स्वतःच्या पायाने घरी जात नाहीत, कोणीतरी बसून रिफंड पाठवावा लागतो. त्याआधी गेटवेची यादी आणि आपल्या बुकिंगची यादी शेजारी शेजारी ठेवून कोणाचे पैसे आहेत पण तिकीट नाही हे जुळवावं लागतं, त्याला रिकन्सिलिएशन म्हणतात, आणि ते करणारा माणूस सुट्टीवर आहे. मग 5 ते 7 दिवस मोजायचे कधीपासून? नोटीस लावल्यापासून, की रिफंड पाठवल्यापासून? हेच तर लिहायचं नाही! बँकेचे दिवस रिफंड पाठवल्यावर सुरू होतात, युजर मात्र नोटीस वाचल्यापासून बोटं मोजतो, आणि मधल्या काळात तो बँकेला शिव्या घालतो, आपल्याला नाही.

चुकूनही रिफंडचा रेफरन्स नंबर देऊ नका हां. तो दिला की माणूस बँकेत जाऊन शोधू शकतो, रिफंड निघालाच नसेल तर नंबर नसतो, मग उगाच भांडं फुटतं.

शेवटी सपोर्टचा फॉर्म जोडा. "समस्या कायम असल्यास ऑर्डर नंबरसह संपर्क साधा." ऑर्डर नंबर सक्तीचा ठेवा, लाल चांदणी लावून. आता ज्याला लाल फुली दिसली त्याला ऑर्डर नंबर ॲपने कधी दाखवलाच नव्हता, तो फक्त तिकिटावर छापलेला असतो, आणि तिकीट नाही म्हणूनच तर तो आलाय. त्याच्याकडे आहे बँकेच्या मेसेजमधला नंबर, तो फॉर्ममध्ये टाकला की "अवैध क्रमांक" येतं. मी स्वतः एकदा युजर म्हणून अशा फॉर्मसमोर बसलो होतो, बँकेचा नंबर शेवटचे आकडे कापून टाकला, पुढे शून्य लावून टाकला, शेवटी वैतागून जुन्या तिकिटाचा नंबर टाकला तर उत्तर आलं, "आपला प्रवास सुखरूप झाला असेल अशी आशा". म्हणजे सिस्टीम चालते, बघा.

सगळं झालं की नोटीस पाठवायची. सगळ्यांना. ज्यांनी सहा महिने ॲप उघडलं नाही त्यांनाही, एकाच क्षणी, पुश नोटिफिकेशनने, आणि त्यावर टॅप केलं की सरळ ॲपचं 'माय बुकिंग' उघडेल असं करा, ते पान प्रत्येक वेळी डेटाबेसला विचारून भरतं. टप्प्याटप्प्याने पाठवूया असं तो पोरगा म्हणेल, 100 कनेक्शन अजून 100 च आहेत असंही पुटपुटेल. त्याला म्हणा, घरी जाऊन झोप आता.

साधारण 40 सेकंदांत तुम्हाला कळेल की नोटीस पोचली. नोटीसची फाइल बंद करू नका, वर तारीख तेवढी बदलायचीय. आणि "काल" चं "आज" करा, मागच्या वेळी ते राहून गेलं होतं.