"पगार योग्यतेनुसार" म्हणजे नेमका किती?

आज सकाळी गावाच्या ग्रुपवर एका बेकरीची जाहिरात आली. चारही बाजूंनी फुलांची नक्षी आणि मधोमध लाल अक्षरांत "त्वरित पाहिजे, बेकरीकामासाठी होतकरू मुलगा, पगार योग्यतेनुसार" एवढाच मजकूर. खाली तेरा जणांनी "पगार किती?" असे विचारले होते आणि तेराही जणांना "फोन करा" हेच उत्तर मिळाले होते. मला संताप आला. खरे तर तो येण्याचा मला फारसा अधिकार नाही, कारण तीन वर्षांपूर्वी जवळजवळ हीच जाहिरात मी स्वतः लिहिली होती.

कराडला आमची लहानशी बेकरी आहे. ती जाहिरात वाचून पाटण तालुक्यातला एक मुलगा पहिल्या एसटीने, कपड्यांची पिशवी घेऊन आला. त्याला वाटले होते की केकवर क्रीमची फुले काढायला शिकवतील. काम होते पावाच्या भट्टीवर, पहाटे तीनला सुरू होणारे. राहायची सोय नव्हती आणि त्या वेळी त्याच्या गावाहून गाडीही नव्हती. पाणी पिऊन तो उठला आणि म्हणाला, "काकू, एवढं जाहिरातीतच लिहायचं होतं की." दोन्ही वेळचे तिकीट त्याने स्वतःच्या खिशातून काढले होते, हे मला तो गेल्यावर सुचले.

"हेल्पर" या शब्दातून काहीही कळत नाही, हे आपण बेकरीवाले मान्यच करत नाही. मदतनीस मैदा चाळतो, ट्रेला तेलाचा हात मारतो, भट्टीतून निघालेले ट्रे रॅकवर लावतो, पाव मोजून क्रेटमध्ये भरतो आणि शेवटी मशीन व फरशी धुतो. पन्नास किलोचे पोते दुसऱ्याच्या मदतीने उचलावे लागते आणि भट्टीसमोर उकाडा असतो. हे लपवले की माणूस येतो खरा, पण चौथ्या दिवशी येत नाही.

पुढच्या वेळी मी आणि माझ्या दिरांनी बसून मजकूर लिहिला, तो असा:

"कराड (जि. सातारा), बसस्थानकाजवळील बेकरीत मदतनीस पाहिजे, स्त्री किंवा पुरुष, वय १८ पूर्ण. वेळ पहाटे ३ ते सकाळी ११. पगार महिना १३,००० रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. सोमवारी सुट्टी. राहण्यासाठी खोली मोफत, सकाळचा नाश्ता आमच्याकडे. काम: मैदा चाळणे, ट्रे लावणे, पाव भरणे, साफसफाई, वजन उचलावे लागते. अनुभव नको, शिकवू. पहिले तीन दिवस पाहण्याचे, त्यांचाही पगार मिळेल. अनामत घेत नाही, मूळ कागदपत्रे ठेवून घेत नाही. वैद्यकीय तपासणीचा खर्च आमचा. फोन फक्त दुपारी ४ ते ७. मुदत २० जूनपर्यंत."

यातला प्रत्येक शब्द कोणत्या ना कोणत्या चुकीतून आला आहे. जिल्ह्याचे नाव अशासाठी की मजकूर पुढे ढकलला गेला की ग्रुपचे नाव मागे राहते, आणि नुसते "स्टँडजवळ" वाचून सांगलीच्या माणसाने काय समजावे? फोनची वेळ अशासाठी की रात्रभर भट्टीवर असलेला माणूस दुपारी झोपतो आणि झोपेतून उठून तो उमेदवाराशी नीट बोलत नाही. ठिकाण, वेळ आणि पगार सुरुवातीलाच घेतले, कारण लांब मजकूर फोनवर दुमडला जातो आणि "आणखी पहा" सगळेच दाबत नाहीत. मुदत लिहिली नाही, तर तीच जाहिरात दिवाळीतही फिरत राहते. जागा भरल्यावर आपल्या पोस्टवर तसे लिहिता येते, पण नक्षीच्या चित्रात बदल करता येत नाही. दिरांनी हाच मजकूर स्वतःच्या आवाजातही रेकॉर्ड करून पाठवला, कारण वाचायचा कंटाळा असलेली माणसेही ऐकतात.

पगार उघड लिहिला की शेजारचा बेकरीवाला पाचशे वाढवून देतो आणि आपले जुने कारागीर हिशेब मागतात, हे मान्य आहे. आमच्याकडेही एकाने मागितला, आणि तो बरोबर होता. त्याचा पगार वाढवावा लागला. पण पहिल्या जाहिरातीला चाळीसेक फोन येऊन कोणीही टिकले नव्हते. दुसऱ्या वेळी नऊ फोन आले. त्यांतली मलकापूरची एक बाई आज आमची भट्टी सांभाळते. "मुलगा पाहिजे" असे लिहिले असते, तर तिने फोनच केला नसता.

सकाळच्या त्या जाहिरातीखाली मी "वेळ आणि पगार लिहा" एवढेच टाकले होते. अर्ध्या तासात ॲडमिनने ते काढून टाकले. त्यावर भांडणार होते, पण आता लिहिता लिहिता राग उतरला आहे, कारण डोळ्यांसमोर तो पिशवीवाला मुलगाच येतो. खोलीची सोय झाल्यावर त्याला कळवावे असे फार वाटले होते. त्याने वडिलांच्या फोनवरून फोन केला होता आणि तो क्रमांक मी जपून ठेवला नव्हता.