डिलीट झालेली फाइल आणि तिच्यावरच लिहायला लावणारा मेसेज

"फोटो, फाइल चुकून डिलीट झाल्या? घाबरू नका! डिलीट झालेली फाइल कधीच जात नाही, सहा महिन्यांनीही मिळते. १) लगेच नेटवरून फ्री रिकव्हरी सॉफ्टवेअर उतरवून टाका. २) स्कॅन करा आणि सापडलेल्या फाइल जिथून गेल्या तिथेच परत सेव्ह करा. ३) नाही दिसल्या तर chkdsk मारा. ४) तरीही नाही, तर लॅबवाले वरून लिहिलेलंही खरवडून काढतात. पेनड्राइव्ह, कार्ड, हार्ड डिस्क, एसएसडी सगळ्यांना चालतं. सर्वांना पाठवा."

लग्नसराईत नागपुरातल्या फोटोग्राफरांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरत असतो आणि तो पाळून हातचं घालवलेली कार्डं बर्डीतल्या आमच्या काउंटरवर येतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो आहे.

"कधीच जात नाही" हे अर्धं खरं आहे आणि घोळ त्या उरलेल्या अर्ध्यात आहे. सातबाऱ्यावरून नाव खोडलं तरी शेत जागेवरच असतं, उभ्या पिकासकट. दुसऱ्या कोणी नांगर घातला की मात्र पीक गेलं. कॅमेऱ्याच्या ६४ जीबीच्या कार्डावर एक्सफॅट नावाची रचना असते. फोटो डिलीट केला की तिथे दोनच लहान बदल होतात. फोल्डरच्या यादीत त्या फोटोच्या नोंदीवर "ही नोंद आता वापरात नाही" अशी खूण होते आणि कुठली जागा भरलेली, कुठली मोकळी हे सांगणाऱ्या नकाशात त्याची जागा मोकळी दाखवली जाते. फोटो कुठून सुरू होतो आणि केवढा आहे, हे त्या खोडलेल्या नोंदीत तसंच राहतं. फोटोचा एकही बाइट हललेला नसतो. त्या क्षणी कार्ड काढून ठेवलंत तर सहा महिन्यांनीही फोटो निघण्याची चांगली शक्यता असते. पण कार्डाच्या हिशेबी ती जागा आता मोकळी आहे. पुढचं काहीही लिहायचं झालं तर ते तिथे जाऊ शकतं. म्हणजे दिवस किती गेले ते महत्त्वाचं नाही. मधल्या काळात कार्डावर काय लिहिलं गेलं, ते महत्त्वाचं.

आता क्रमांक दोन. माझ्या मते या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच, म्हणून एक कार्ड नीट उलगडून सांगतो. वर्धा रोडच्या एका लॉनवरचं लग्न होतं. हळदीपासून वरमालेपर्यंत दोन हजार रॉ फोटो, प्रत्येकी साधारण २५ एमबीचे, म्हणजे सुमारे ४९ जीबी. कार्डाची खरी जागा विंडोज ५९ जीबीच्या आसपास दाखवतं. मदतनीसाला वाटलं की कॉपी झाली आहे, म्हणून त्याने लॅपटॉपवर सगळे निवडून डिलीट मारलं. कार्डावरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमध्ये जात नाही, त्यामुळे तिथे काही नव्हतंच. कार्ड परत कॅमेऱ्यात गेलं आणि रिसेप्शनचे साठेक फोटो निघाले, दीड जीबी. मग लक्षात आलं.

इथपर्यंतचं नुकसान मोजता येतं. दीड जीबी पूर्ण जुन्या फोटोंवर पडलं असं धरलं, तरी दोन हजारांतले साठ-सत्तर गेले असते. बाकी सगळे कार्डावर शाबूत होते. पण ग्रुपवरचा मेसेज वाचून त्यांनी स्कॅन केलं, लांबलचक यादी दिसली, आणि "सिलेक्ट ऑल" करून ते सगळं त्याच कार्डावर एका नव्या फोल्डरमध्ये सेव्ह केलं. हिशेब करा. कार्डावर फोटो कधी पडलेच नव्हते अशी जागा जास्तीत जास्त दहा जीबी. लिहायचे होते ४९. म्हणजे किमान ३९ जीबी जुन्या फोटोंच्या जागांवर जाणारच होते, दुसरी जागाच नव्हती. आधीच काढून झालेल्या फोटोच्या जागी नवी प्रत पडली तर नशीब. अजून काढायच्या फोटोवर पडली, तर तो सॉफ्टवेअरच्या हाती येण्याआधीच पुसला जातो. हा क्रम ना आपल्या हातात असतो, ना सॉफ्टवेअरच्या.

ते आले तेव्हा म्हणाले, "भाऊ, सगळे फोटो दिसून राहिले ना, पण उघडूनच नाही राहिले." दिसत होते ते थंबनेल. रॉ फाइलमध्ये मूळ फोटोबरोबर एक छोटा जेपेगही असतो, आणि तो बऱ्याचदा फाइलच्या सुरुवातीला असतो. सुरुवातीचा तुकडा वाचला आणि पुढचा गेला, तर फोल्डरमध्ये नवरीचा चेहरा स्वच्छ दिसतो, पण फोटो उघडला की वरची पट्टी बरोबर आणि खाली राखाडी किंवा रंगीत रेघा. काही फाइलींचं नाव हळदीचं होतं, आकारही बरोबर होता, आणि आत रिसेप्शनच्या स्टेजवरचा फोटो निघाला. खोडलेल्या नोंदीत पत्ता जुनाच होता, फक्त त्या पत्त्यावर आता दुसरंच कोणी राहायला आलं होतं. म्हणून नाव, आकार आणि थंबनेल पाहून "मिळाले" म्हणू नका. मधले काही फोटो पूर्ण मोठे करून, खालच्या कडेपर्यंत बघा.

मग करायचं काय होतं? फोटो गेल्याचं कळताच कॅमेरा बंद करून कार्ड काढायचं आणि त्याच्या बाजूची लॉकची खिट्टी खाली ओढायची. ही खिट्टी पाळणं कार्ड रीडरच्या हाती असतं. बहुतेक रीडर ती पाळतात, सगळे पाळतीलच असं नाही. पण तिने एक मोठं काम होतं: कार्ड लावल्या-लावल्या विंडोज स्वतःहून त्यावर System Volume Information सारखे फोल्डर बनवतं, ते टळतं. मग कार्डाची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं. आम्ही हे लिनक्सवर करतो:

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL
sudo ddrescue /dev/sdX card.img card.map
photorec card.img
```

पहिल्या ओळीने कार्डाचं नाव कळतं. sdX च्या जागी तेच लिहायचं, आणि आकार दोनदा ताडून बघायचा. card.img ज्या डिस्कवर बनते तिथे कार्डापेक्षा जास्त जागा हवी. फोटोरेक यादीकडे बघतच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवातीची खूण ओळखून तुकडे उचलतो, म्हणून मूळ नावं जातात आणि फोटोंना आकड्यांची नावं मिळतात. एका जागी सलग बसलेले फोटो असे सुरेख निघतात. तुकड्यातुकड्यांत विखुरलेला लांब व्हिडिओ बहुधा निघत नाही. विंडोजवरच काम करायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं मोफत साधन २०२० पासून आहे. कार्ड E: आणि वाचलेले जेपेग फोटो D: वर ठेवायचे असतील तर:

```
winfr E: D: /extensive /n *.jpg
```

हे साधन मूळ ड्राइव्हवरच सेव्ह करू देत नाही. दोन ड्राइव्ह वेगळे असलेच पाहिजेत, ही त्याची अटच आहे.

"लगेच उतरवून टाका" हा सल्ला कार्डाच्या बाबतीत तितकासा बाधत नाही, कारण सॉफ्टवेअर लॅपटॉपच्या डिस्कवर बसतं. पण फाइल लॅपटॉपच्याच C: मधून गेली असेल तर हीच पायरी फाइल मारते. सॉफ्टवेअर शोधायला ब्राउझर उघडलात तरी तो प्रत्येक पानाचे तुकडे डिस्कवर साठवतो. इन्स्टॉलर शेकडो एमबीचा असू शकतो. तुम्ही हात बांधून बसलात तरी विंडोज पेजफाइल, अपडेट, लॉग लिहीतच असतं. धंतोलीतल्या ऑफिसात जुन्या हार्ड डिस्कवरून हिशेबाची फाइल गेली, तर माझा सल्ला असा: उघडं काम दुसरीकडे सेव्ह करत बसू नका, पॉवरचं बटण दाबून धरा आणि मशीन बंद करा. नेहमीसारखं शटडाउन करताना विंडोज पुन्हा बरंच लिहितं, कधी अपडेटही बसवायला घेतं. असं अचानक बंद केल्याने उघड्या फाइलचं नुकसान होऊ शकतं, तेव्हा गेलेली फाइल त्यापेक्षा मोलाची आहे ना, एवढं ठरवून करा. नंतर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची. तिथे "फॉरमॅट करायचं का" किंवा "स्कॅन करून दुरुस्त करू का" असं विचारलं, तर नाही म्हणायचं.

chkdsk बद्दल थोडक्यात. विंडोजचं हे तपासणीचं साधन यादी आणि नकाशा यांचा मेळ घालतं. डिलीट झालेल्या फाइलच्या बाबतीत दोन्हीकडे "मोकळं" असा मेळ आधीच बसलेला असतो, म्हणून ती फाइल त्याला दिसतच नाही. उलट /f लावून चालवलं तर ते ड्राइव्हवर लिहितं, बिघडलेल्या नोंदी बदलतं, आणि ज्या नोंदींवरून आपण फाइल शोधणार त्याच जाऊ शकतात.

"एसएसडीलाही चालतं" हे लिहिणाऱ्याने कधी एसएसडीवरून फाइल काढलेली नसावी. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, डिलीट होताच विंडोज एसएसडीला ट्रिम नावाचा आदेश देतं: ही जागा आता नको. एसएसडी ती जागा आपल्या सवडीने आतून पुसते, आणि बहुतेक एसएसडी त्याआधीही ती जागा वाचायला गेलं तर नुसती शून्यं देतात. इथे वरून काही लिहायचीही गरज नाही. तुमच्या मशीनवर ट्रिम चालू आहे का ते असं कळतं:

```
fsutil behavior query DisableDeleteNotify
```

उत्तरात 0 असेल तर चालू. अशा एसएसडीवरून गेलेल्या फाइलसाठी लगेच वीज तोडून बघावं, पण फार आशा धरू नये. क्लाउडमधली किंवा बॅकअपमधली प्रत शोधण्यात वेळ घालवावा. साधा पेनड्राइव्ह आणि कॅमेऱ्याचं कार्ड यांना विंडोजमधून डिलीट करताना असा आदेश सहसा जात नाही, म्हणूनच तिथे संधी असते. कॅमेऱ्यातला "लो लेव्हल फॉरमॅट" मात्र वेगळा. काही कॅमेऱ्यांत तो कार्ड खरोखर पुसतो.

राहिले लॅबवाले. लॅब खूप काही करते: हार्ड डिस्कचं जळालेलं सर्किट, बिघडलेलं हेड, तुटलेल्या पेनड्राइव्हमधली चिप. यातल्या प्रत्येक ठिकाणी डेटा जागेवर असतो, फक्त त्याच्यापर्यंत पोचता येत नाही. वरून लिहिलेला डेटा तिथे नसतोच. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेची डेटा पुसण्याबद्दलची २०१४ ची नियमावली सांगते की चुंबकीय डिस्कवर एकदा शून्यं लिहिली, तरी अद्ययावत लॅबलाही आधीचं काढणं सहसा जमत नाही. तेव्हा लॅबमध्ये जाताना डिलीट झाल्यानंतर ड्राइव्हवर काय काय केलं ते क्रमाने, खरंखरं सांगा: किती फोटो काढले, कुठलं सॉफ्टवेअर चालवलं, कुठे सेव्ह केलं. पैसे लावण्याआधी आशा किती धरायची, ते त्यावरूनच कळतं.